पुस्तक समोर असतानाही मुलांना विचार करावा लागेल असा प्रश्न

प्रश्न: मी विधी महाविद्यालयात नव्याने शिकवायला लागलोय. करार कायद्याची अंतर्गत परीक्षा ओपन बुक घ्यायची ठरली आहे. बेअर अ‍ॅक्ट हातात असताना मुलं उतरवूनच काढणार ना? मग प्रश्न काढायचा कसा?

उत्तर:

नागपुरात बरीच वर्षं मी हाच विषय शिकवते. माझा पहिला ओपन बुक पेपर पार फसला होता, तिथूनच सांगते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली कायद्यानेच उदाहरणं दिली आहेत. पहिलंच ५० मण सोऱ्याच्या विक्रीचं आहे. मी सोऱ्याच्या जागी तूर घातली आणि भरपाई किती मिळेल ते विचारलं. मुलांनी पान उघडलं, उदाहरण शोधलं आणि नावं बदलून लिहिलं. उत्तरं बरोबर होती, पण मला त्यातून काहीच कळलं नाही. म्हणून पेपर छापायच्या आधी कलमाखालची सगळी उदाहरणं वाचून काढा. तुमची हकीकत त्यातल्या एकाशीही जुळत असेल तर ती बदला.

आता मी वापरते तो एक प्रश्न देते. काटोलचा एक संत्रा व्यापारी १ नोव्हेंबरला १००० प्लास्टिक क्रेटची ऑर्डर देतो. भाव नगाला १५० रुपये, माल १० तारखेला पोचवायचा, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे, असं लेखी ठरतं. ५ तारखेला व्यापारी फोनवर सांगतो, "दिल्लीचा मोठा सौदा आहे, वेळेत माल गेला तर ३ लाख जादा मिळणार आहेत." १० तारीख उलटते. ११ तारखेला कळमन्यात तसेच क्रेट १९० रुपयांना मिळत असतात, पण व्यापारी थांबतो. १६ तारखेला क्रेट येतात. तोवर तोडलेला २ लाखांचा आंबिया बहाराचा माल सडलेला असतो आणि दिल्लीचा सौदा गेलेला असतो. क्रेट उतरवून घेताना व्यापारी पुरवठादाराला मेसेज करतो, "माल उतरवून घेतोय. संत्र्याचं नुकसान झालंय. हिशेब बसून करू." तुम्ही व्यापाऱ्याचे वकील आहात. काय मागाल आणि काय मिळेल?

यात लागणारी कलमं ५५, ७३ आणि ७४. ती मी प्रश्नातच छापते. कलम शोधण्यात मुलाची वीस मिनिटं गेली तर मी फक्त त्याचा पानं उलटण्याचा वेग मोजला असं होतं.

दिल्लीचे ३ लाख लवकर निकाली निघतात. कलम ७३ करार करताना दोघांना काय माहीत होतं ते विचारतं, आणि फोन करारानंतर चार दिवसांनी झाला आहे. सडलेल्या संत्र्यांबाबत त्याच कलमाचं स्पष्टीकरण आडवं येतं: गैरसोय टाळायची जी साधनं हाताशी होती, ती हिशेबात धरायची. क्रेट ११ तारखेला मिळत होते, जादा खर्च ४० हजार. पण कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम ठरलेली असेल तर वाजवी भरपाई त्या रकमेच्या आतच मिळते. सहा दिवसांचे ३० हजार होतात. म्हणजे ४० हजार सिद्ध करूनही हातात ३० हजारांपेक्षा जास्त पडत नाही. इथपर्यंत बरीच मुलं येतात.

खरी परीक्षा कलम ५५ मध्ये आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्याला करार मोडता येतो. पण तो न मोडता उशिरा आलेला माल त्याने स्वीकारला, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. ती हवी असेल तर स्वीकारतानाच आपण भरपाई मागणार आहोत अशी सूचना द्यावी लागते. वेळ गाभा नसेल तर करार मोडता येत नाही, पण भरपाई मागता येते, आणि त्या परिच्छेदात सूचनेची अट नाही. व्यापाऱ्याच्या वकिलाला सहज वाटतं की, तोडलेलं फळ थांबत नाही, म्हणून वेळ हाच गाभा होता असं ठासून मांडावं. ते मांडलं की तो स्वतःच सूचनेच्या अटीत अडकतो. मग "हिशेब बसून करू" ही भरपाईची सूचना झाली का? नुकसानीचा उल्लेख आहे, म्हणून हो, असं म्हणता येतं. क्रेटचे पैसे देणंच बाकी आहे, हिशेब म्हणजे तोच, असंही म्हणता येतं.

दुसरी वाटही आहे. उशिराचा रोजचा दर ठरवला, याचा अर्थ उशीर होऊ शकतो हे दोघांनी धरूनच चाललं होतं. अशा अटींमुळे वेळ गाभा राहत नाही, ही मांडणी सर्वोच्च न्यायालयाने हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स वि. महाराष्ट्र राज्य (१९७९) मध्ये मान्य केली आहे. म्हणजे जी अट रक्कम ३० हजारांवर अडवते, तीच दावा वाचवूही शकते. एका वर्षी एका मुलीने हे ओळखून लिहिलं होतं, "माझ्या अशिलाच्या हिताचं हेच आहे की मी वेळेला गाभा म्हणू नये." तो कागद मी आजही वर्गात वाचून दाखवते.

गुण १५. योग्य कलम योग्य घटनेला लावलं की ३. फोनची तारीख, ११ तारखेचा बाजार आणि मेसेज यांचा वापर केला की ४. वेळेबाबत बाजू घेऊन तिचा परिणाम शेवटपर्यंत नेला की ५. रक्कम आणि तिच्यावर लागलेली मर्यादा, ३. "मेसेज ही सूचना नव्हती, म्हणून काहीच मिळणार नाही" असं लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात. हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तपासताना हात आपोआप आपल्या मनातल्या उत्तराकडे झुकतो. "दोन्ही बाजूंनी बोलता येईल" म्हणून थांबणाऱ्याला त्या ५ पैकी मी २ च देते. वकिलाला बाजू घ्यावीच लागते.

प्रश्न जमला की नाही हे पाहायची माझी रीत साधी आहे. हकीकतीतली एकेक गोष्ट खोडून बघायची. मेसेज खोडला तर उत्तर बदलतं, म्हणून तो हवा. व्यापारी काटोलचा की वरुडचा याने काही बदलत नाही, तेवढी सजावट चालेल, पण अशा गोष्टी तीन-चार झाल्या की वाचण्यातच वेळ जातो. हा एक प्रश्न आणि पाऊण तास, याहून जास्त मी त्या पेपरात ठेवत नाही. आधी वर्गात निदान दोन असे प्रश्न सोडवून घ्या, कारण पुस्तक मिळणार म्हणून मुलं वाचून येत नाहीत आणि कलम ५५ पहिल्यांदाच परीक्षेत वाचतात.

पुढच्या वर्षी हाच प्रश्न मी फोन ३० ऑक्टोबरला नेऊन आणि रोजच्या दराची अट काढून देते. मग ३ लाखांचा दावा जिवंत होतो, ३० हजारांची मर्यादा जाते, वेळ गाभा नव्हती म्हणायला आधार कमी उरतो आणि सगळा भार त्या मेसेजवर येतो. आदल्या वर्षीचं उत्तर पाठ करून आलेला मुलगा पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतो.