वन-ऑन-वनमध्ये ‘सगळं ठीक आहे’च्या पुढे कसं जायचं?

प्रश्न: माझ्या टीममध्ये सहा जण आहेत. प्रत्येकाबरोबर दर आठवड्याला अर्ध्या तासाचं वन-ऑन-वन ठेवलंय, पण दहा मिनिटांत आटपतं. कामाचं स्टेटस कळतं, बाकी काही नाही. ‘काही अडचण?’ विचारलं की ‘नाही सर, सगळं ठीक.’ यातून काही उपयोगाचं कसं काढायचं?

उत्तर:

आधी स्टेटस त्या मीटिंगमधून बाहेर काढा. कुठलं तिकीट कुठवर आलं हे जिराच्या बोर्डवर दिसतं आणि रोजच्या स्टँडअपमध्येही कळतं. तरीही तुमचा पहिला प्रश्न ‘ते पेमेंटचं झालं का?’ असेल, तर समोरचा माणूस तिथेच ठरवतो की ही हजेरी आहे, आणि हजेरी देऊन मोकळा होतो. वन-ऑन-वनच्या आधी बोर्ड स्वतः वाचा. एखादी गोष्ट विचारायचीच असेल तर सकाळी मेसेजवर विचारून टाका.

मग विषय कोण ठरवणार? तेच ठरवणार. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांचा यावर फार भर होता: ही मीटिंग हाताखालच्या माणसाची आहे, तेव्हा विषयांची यादी त्यानेच आणायची. मी प्रत्येकासाठी एक वेगळं शेअर्ड डॉक्युमेंट ठेवतो. ते फक्त आम्हा दोघांना दिसतं आणि त्यात ताजी तारीख सगळ्यात वर असते. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याने किंवा तिने दोन-तीन ओळी टाकायच्या, माझे मुद्दे त्यांच्या खाली. सुरुवातीला ते पान कोरंच राहतं. तेव्हा ते आपण भरायचं नाही, नाहीतर कायम आपल्यालाच भरावं लागतं. ‘पाच मिनिटं घे, आत्ता लिही’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. ती पाच मिनिटं दोघांनाही जड जातात, पण काहीतरी लिहिलं जातंच.

ग्रोव्ह वन-ऑन-वनला निदान एक तास द्या म्हणत, कारण वेळ कमी असला की माणूस चटकन उरकणारे विषयच काढतो. सहा जणांना दर आठवड्याला एकेक तास देणं आपल्याकडे बहुतेकांना जमणार नाही. अर्धाच तास ठेवा, पण त्याच्या पुढचा थोडा वेळ कॅलेंडरवर मोकळा सोडा. खरा विषय बऱ्याचदा लॅपटॉप मिटता मिटता निघतो: ‘अजून एक होतं, म्हणजे फार काही नाही...’ त्याच क्षणी तुमचा पुढचा कॉल सुरू होणार असेल, तर तो विषय पुन्हा कधी निघेल याची खात्री नाही.

आता तुमच्या ‘काही अडचण?’बद्दल. साहेबाला अडचण सांगणं म्हणजे एकतर कुणाची तक्रार करणं किंवा आपल्याला जमत नाही असं कबूल करणं, हे आपल्याकडे लहानपणापासून मुरलेलं आहे. त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच सुरक्षित उत्तर. म्हणून प्रश्न छोटा आणि घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा.

आमच्या टीममधल्या एका टेस्टरचं सांगतो. काम चोख, बोलणं मोजून-मापून. तिला मी विचारलं, ‘मागच्या रिलीजला तुला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ कशात गेला?’

‘रिग्रेशनमध्ये.’

‘कशामुळे?’

‘डेटा परत भरावा लागला.’

‘म्हणजे एकदाच?’

‘नाही सर, दर मंगळवारी.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्टेजिंग सर्व्हर आम्ही आणि आणखी एक टीम मिळून वापरतो. ती टीम मंगळवारी सकाळी डेटाबेस नव्या कॉपीवरून रिफ्रेश करायची, आणि हिने तयार केलेले टेस्ट ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी, सगळं पुसलं जायचं. ते पुन्हा उभं करण्यात अर्धा दिवस जायचा. तो ती रात्री बसून भरून काढायची, त्यामुळे बोर्डवर सगळं वेळेत दिसत होतं. त्या टीमच्या ग्रुपवर तिने एकदा मेसेजही टाकला होता. उत्तर आलं नाही, मग तिने विषय सोडला. आधी का नाही बोललीस विचारल्यावर म्हणाली, ‘ते त्यांचं रूटीन आहे ना सर, मला वाटलं आपल्यालाच जुळवून घ्यायचं असतं.’

अशा वेळी लगेच फोन उचलून त्या टीमच्या लीडला झापायची हुक्की येते. ती आवरा आणि आधी विचारा, ‘तुला काय झालेलं चालेल?’ मी विचारलं, तर तिला रिफ्रेश बंद करायचाच नव्हता. तो शुक्रवारी संध्याकाळी झाला तरी चालणार होतं. नाहीतर रिफ्रेशनंतर आपला डेटा आपोआप भरणारी स्क्रिप्ट ती स्वतः लिहायला तयार होती, फक्त स्प्रिंटमध्ये दोन दिवस मोकळे हवे होते. डॉक्युमेंटमध्ये आम्ही दोनच ओळी लिहिल्या: मी गुरुवारपर्यंत त्या लीडशी बोलणार, ती लागणाऱ्या डेटाची यादी करणार.

लीडने शुक्रवारला नकार दिला. त्यांचा डेमो बुधवारी असतो आणि त्याआधी त्यांना ताजा डेटा लागतो, हे कारण रास्तच होतं. पण रिफ्रेश संपला की आमची स्क्रिप्ट चालवायला त्याने हरकत घेतली नाही. पुढच्या वन-ऑन-वनला मी सुरुवातच त्यापासून केली: काय बोललो, काय मान्य झालं, काय नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या पानावर न सांगता चार ओळी होत्या.

म्हणून दर वेळी आधी तुमच्या नावापुढे लिहिलेल्या कामाचा हिशेब द्या. झालं नसेल तर ‘झालं नाही, सोमवारी करतो’ एवढं पुरतं. माणूस आधी लहान गोष्ट सांगून बघतो की हा पुढे काही करतो का. पगार, मॅनेजरशी न पटणं, नोकरी सोडायचा विचार हे त्यानंतर निघतं.

आणि मीटिंग रद्द करू नका. क्लायंटचा कॉल आला तर त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी ढकला, नवी वेळ त्याच मिनिटाला टाका. लागोपाठ दोनदा रद्द झाली की पान पुन्हा कोरं दिसायला लागतं.

‘हे आपल्यातच राहील’ हे मात्र सरसकट बोलू नका. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर तुम्ही चौकशीला बसायचं नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे ते काम अंतर्गत समितीचं. तक्रार लेखी आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, हे तिला सांगा आणि अर्ज करायला मदत करा. पगारवाढीचंही तसंच: तुमच्या हातात नसलेला आकडा सूचितसुद्धा करू नका. जे पुढे न्यावं लागेल ते तसं आधीच सांगा.

सहाही जणांना कायम दर आठवड्यालाच भेटायला हवं असं नाही. नवीन आलेल्याला दर आठवड्याला भेटा. मुरलेल्याला पंधरा दिवसांनी चालेल, तो स्वतःच तसं सुचवेल. फक्त अनुभवाची वर्षं मोजू नका, हातातल्या कामाचा अनुभव बघा. दहा वर्षं जावात काढलेल्या माणसाला पहिल्यांदाच क्लायंटसमोर उभं केलंत, तर त्याला पुन्हा दर आठवड्याला बोलवा आणि तसं का करताय तेही सांगा, नाहीतर आपल्यावर नजर ठेवतायत असं त्याला वाटेल.