ब्रीफमधला एकच मुद्दा

‘आमचे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा बी.ए. झाला आणि त्याला जाहिरात क्षेत्रात जायचे आहे. नागपूरच्या एका एजन्सीने चाचणी म्हणून त्याला एक पान लिहायला दिले : घरचे सोयाबीन पेरण्याआधी त्याची उगवणशक्ती तपासावी, या मोहिमेचा क्रिएटिव्ह ब्रीफ. आठ दिवसांत त्याने दहा-बारा ओळी लिहिल्या. त्यात ना चित्र, ना घोषवाक्य. शेवटी मीच बीजप्रक्रिया, पावसाचे प्रमाण, रुंद वरंबा सरी हे मुद्दे घालून पान भरून दिले. तो नाराज आहे. दोन्ही पाने सोबत पाठवतो. या कामाला भवितव्य आहे का, की त्याला अमरावतीला एमपीएससीच्या क्लासला घालावे?’
— एक पालक

आपण घातलेले सर्व मुद्दे शेतीच्या दृष्टीने बरोबर आहेत आणि तरीही ते त्या पानावर नको होते. मला काळजी वाटते ती मुलाच्या दहा ओळींची नव्हे, तर त्याची परीक्षा आपण स्वतः देऊन टाकली याची. एजन्सीला त्याचे मन कसे चालते हे पाहायचे होते. आपण पाठवलेल्या दुसऱ्या पानावर ते दिसेनासे झाले आहे. ते पान अजून पाठवले नसेल, तर कृपया थांबवावे.

ब्रीफ म्हणजे जाहिरात नव्हे. जाहिरात लिहिणारा कॉपीरायटर आणि चित्र करणारा आर्ट डायरेक्टर ज्या पानावरून काम सुरू करतात, ते हे पान. ते क्लायंटशी, म्हणजे जाहिरात देणाऱ्याशी, संपर्क ठेवणारा क्लायंट सर्व्हिसिंगचा माणूस किंवा प्लॅनर लिहितो. ग्राहकाच्या बाजूने विचार करणारा प्लॅनर एजन्सीत असावा, ही पद्धत 1968 च्या सुमारास लंडनमध्ये स्टॅन्ली पॉलिट आणि स्टीफन किंग यांनी दोन वेगळ्या एजन्सींत सुरू केली. त्यामुळे ब्रीफमध्ये चित्र आणि घोषवाक्य नसणे हा दोष नाही.

आपला खरा गैरसमज वेगळा आहे आणि तो बहुतेक क्लायंटांचाही असतो : पैसे खर्च होणारच आहेत, तर चार गोष्टी सांगून घ्याव्यात. ब्रीफमध्ये ज्याला सिंगल-माइंडेड प्रपोझिशन म्हणतात, तो रकाना नेमका हा मोह आवरण्यासाठी असतो. वाचणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट उरणार असेल, तर ती कोणती, एवढेच तिथे लिहायचे असते. एसटी स्टँडवरच्या फलकाकडे माणूस काही क्षण पाहतो. त्यावर चार सल्ले असले, तर त्यातला कोणता उचलायचा हे तो ठरवत बसत नाही, पुढे निघून जातो. शिवाय आपल्या मुद्द्यांची वेळही एक नाही. उगवणचाचणी मे महिन्यात घरी करायची आहे, बीजप्रक्रिया पेरणीच्या तोंडावर, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हे जूनमध्ये आभाळाकडे पाहताना सांगायचे आहे. प्रत्येकाला वेगळा ब्रीफ लागेल.

आता मुलाच्या पानाकडे येतो, कारण तेही निर्दोष नाही. उद्दिष्टात त्याने ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करणे’ असे लिहिले आहे. जागृती झाली की नाही हे कोण आणि कसे मोजणार? उद्दिष्टात कोणी, काय, केव्हापर्यंत करावे हे यायला हवे : ‘घरचे सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याने मे अखेरपर्यंत त्यातले 100 दाणे ओल्या बारदान्यात ठेवून पाहावेत.’ जूनच्या आरंभी निवडक गावांत फिरून किती जणांनी असे केले हे विचारता येते, म्हणून हे उद्दिष्ट उपयोगाचे आहे.

‘सर्व शेतकरी, वय 18 ते 60’ हा वाचकवर्ग तर सोडूनच द्यावा. विकतच्या बॅगेवर उगवणीचे प्रमाण छापलेले असते, तेव्हा ती बॅग घेणारा शेतकरी या मोहिमेचा मुख्य वाचक नव्हे. आपला वाचक घरचे बियाणे राखणारा आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळे सरळ वाणाचे बियाणे तीन वर्षांपर्यंत घरचे वापरता येते, हे त्याला ठाऊक आहे. चाचणीबद्दलही त्याने ऐकलेले असते. मग तो करत का नाही? ब्रीफचा सगळा जीव या प्रश्नात आहे, आणि याचे उत्तर इंटरनेटवर नाही, आपल्या दुकानाच्या काउंटरवर आहे. माझा अंदाज असा की त्याला चाचणी अवघड वाटत नाही, अनावश्यक वाटते. दाणा टपोरा आहे, आपल्याच वावरातला आहे, हातात घेऊन पाहिला आहे. तो उगवेलच, अशी त्याची खात्री असते.

ही खात्री नेमकी कुठे चुकते हे सापडले की प्रपोझिशन सापडते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि अंकुर त्या सालीच्या लगतच असतो. थ्रेशर जोरात फिरवला, पोती उंचावरून आपटली किंवा एकावर एक फार रचली, तर आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून दाणा तसाच चांगला दिसतो. मुलाने लिहिलेले ‘पेरणीआधी बियाणे तपासा’ हे वाक्य आपल्या चार मुद्द्यांपेक्षा बरे आहे, परंतु त्यात हुकूम आहे, कारण नाही. ते उद्दिष्टाचीच पुनरुक्ती करते. मी तिथे असे लिहीन : ‘सोयाबीनचा दाणा बाहेरून धड दिसला, तरी आतून मेलेला असू शकतो.’ त्याखाली आधार म्हणून सालीचे कारण आणि चाचणीची रीत दोन ओळींत द्यावी : ओल्या बारदान्यावर 100 दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत; 70 किंवा अधिक असतील तर बियाणे पेरण्यायोग्य.

हे वाक्य घोषवाक्य म्हणून भिंतीवर रंगवायचे नाही. कॉपीरायटरने त्यातून स्वतःचे शब्द शोधायचे आहेत. वाक्य चालेल की नाही हे पाहण्याची माझी रीत साधी आहे. त्यात ‘आणि’ लावून दुसरा मुद्दा चिकटवलेला नसावा, आणि ते ऐकल्यावर तीन-चार वेगवेगळ्या जाहिराती डोळ्यांपुढे याव्यात. ‘उत्तम बियाणे, भरघोस उत्पन्न’ या वाक्यातून शेताचे हिरवे चित्र सोडून काही सुचत नाही, म्हणून ते रद्द.

टोनच्या रकान्यात मुलाने ‘भावनिक, विनोदी आणि विश्वासार्ह’ असे लिहिले आहे. यावरून लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे त्यात नाही. ज्याने तीस खरीप हंगाम काढले आहेत, त्याला शिकवण्याच्या सुरात काही सांगितले तर तो ऐकणार नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या; दुबार पेरणीचा खर्च सोसलेल्या माणसाला त्या आठवणीने घाबरवणे तर क्रूरपणाचे ठरेल. म्हणून इतकेच लिहावे : ‘बांधावर उभ्या असलेल्या बरोबरीच्या शेजाऱ्यासारखे बोलावे, चूक शेतकऱ्याची आहे असे कुठेही ध्वनित होऊ नये.’

शिक्षणाचे म्हणाल, तर अहमदाबादच्या मायका संस्थेसारख्या ठिकाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, मात्र ते खर्चिक आहे. लहान एजन्सीत उमेदवारी करून पुढे जाणारेही असतात. एमपीएससीचा अभ्यास ज्याला स्वतःहून करायचा आहे त्यानेच करावा, एक पान आवडले नाही म्हणून कोणालाही तिकडे पाठवू नये.

आपली मदत मात्र त्याला हवीच आहे, फक्त वेगळ्या रूपात. घरचे बियाणे वापरणारी जी गिऱ्हाइके दुकानात येतात, त्यांच्याशी मुलाला बोलू द्यावे, आपण मध्ये उत्तर देऊ नये, आणि चाचणी का केली नाही याचे कारण त्यांच्याच शब्दांत त्याने उतरवून घ्यावे. माझा वर दिलेला अंदाज त्या बोलण्यात खोटा ठरला, तर माझे वाक्यही बदलावे. मग पान त्याने पुन्हा लिहून, आपल्याला न दाखवता, एजन्सीला पाठवावे आणि निवड झाली नाही तरी त्यावर शेरा मागावा. क्लासचा विषय तो शेरा आल्यानंतर, तिघांनी मिळून, म्हणजे मुलाची आईही धरून, काढावा.