ते नाव आधी आईच्या कानावर जाऊ दे

«ताई, ३ जूनला मला नव्या नोकरीत रुजू व्हायचंय. आईला स्तनाचा कॅन्सर निघालाय, ऑपरेशन ६ जूनला आहे. भाऊ २८ जूनच्या आधी येऊ शकत नाही, म्हणून सगळं माझ्यावरच आहे. तारीख पुढे ढकलण्यासाठी एचआरला मेल लिहून ठेवलाय. त्यात निदान, स्टेज, डॉक्टर म्हणाले ते केमोचे बहुधा सहा डोस, सगळं आहे. बायोप्सीचा रिपोर्टही जोडलाय, नाहीतर त्यांना वाटायचं मी बहाणे करतेय. नवी तारीख त्यांच्यावरच सोडलीये. आईला आम्ही सध्या साधी गाठ आहे एवढंच सांगितलंय. मेल जरा जास्तच मोकळा झालाय का, की अजून तपशील द्यावेत?»

मेल पाठवला नसशील तर पाठवू नकोस. «साधी गाठ» हे दोन शब्द तू जाता जाता लिहून गेलीस आणि मी तिथेच अडले. ज्यांना तू अजून धड भेटलीसुद्धा नाहीस त्यांच्या हातात रिपोर्ट, आणि जिच्या अंगात ती गाठ आहे तिला पत्ता नाही. तुझ्या स्वतःच्या आजाराची गोष्ट असती तर किती सांगायचं हे आपण दोघींनी बसून ठरवलं असतं. ही गोष्ट तुझ्या आईची आहे.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत, म्हणून असा मेल पुढे कुठे जातो ते सांगते. एचआरची मुलगी तारीख बदलण्याचा निर्णय एकटी घेत नाही. ती तुझ्या होणाऱ्या मॅनेजरला मेल फॉरवर्ड करते, वर फक्त «कृपया मंजुरी द्यावी» एवढं लिहून. मंजुरी आली की तोच मेल लॅपटॉप देणाऱ्याकडे, ओळखपत्र करणाऱ्याकडे, ट्रेनिंगची बॅच लावणाऱ्याकडे जातो, कारण त्या सगळ्यांना नवी तारीख हवी असते. खालचा मजकूर कुणी पुसत नाही. जोडलेला रिपोर्टही बरोबर जातो. मी एकदा एका नव्या मुलाला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर घ्यायला पाठवलं, तर तिथल्या माणसाने सही घेता घेता विचारलं, «वडिलांची दुसरी केमो झाली का?» त्याने मायेनेच विचारलं होतं. मुलाचा चेहरा मात्र मी विसरले नाही. आणि त्या साखळीत तुमच्या नात्यातलं, ओळखीतलं कुणी नसेलच, याची खात्री तुला कशी देता येईल? आईला ते नाव कुणा तिऱ्हाइताच्या फोनवरून कळलं तर?

आता बहाण्याची भीती. तपशील दिले की विश्वास बसतो असं तुला वाटतं, पण एचआर असा मेल वाचताना एकच गोष्ट शोधत असते: ही येणार का, आणि कधी? ते तू लिहिलेलंच नाहीस. उलट सहा केमो लिहून बसलीस. केमो साधारण दर तीन आठवड्यांनी असते, म्हणजे वाचणारा मनातल्या मनात अठरा आठवडे मोजतो आणि म्हणतो, ही जुलैतही यायची नाही. शिवाय केमो द्यायची की नाही, किती, हे बहुतेक वेळा ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आल्यावरच पक्कं ठरतं. डॉक्टरांनी «बहुधा» म्हटलेलं तू कंपनीला ठाम कागदावर देते आहेस.

म्हणून तारीख तू ठरव. उपचार संपेपर्यंतचा वेळ मागू नकोस. ज्या दिवसांत तुझ्यावाचून चालणारच नाही तेवढेच माग. ऑपरेशन ६ जूनला. जखमेतून पाणी काढणारी नळी सहसा एक-दोन आठवडे राहते, म्हणजे २० जूनच्या आसपासपर्यंत. त्याच सुमाराला गाठीचा रिपोर्ट येईल, मग पुढचे उपचार ठरवायला डॉक्टरांची एक-दोन वेळा भेट घ्यावी लागेल. २८ला भाऊ येतो. दोन-तीन दिवस त्याला औषधं, ड्रेसिंग, फायली समजावून दे. झाली १ जुलै. त्यात एक आठवडा हाताशी धर आणि ८ जुलै माग. तो आठवडा सोडू नकोस, कारण रिपोर्ट लांबतात, आणि एकदा तारीख पुढे ढकलणाऱ्याला लोक सांभाळून घेतात, दुसऱ्यांदा मागितली की जागा दुसऱ्याला देण्याची चर्चा सुरू होते.

मेल एवढाच लिही: «माझी रुजू होण्याची तारीख ३ जून ठरली आहे. ६ जूनला माझ्या आईची मोठी शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतरचे काही आठवडे तिची देखभाल मलाच करायची आहे. २८ जूनला माझा भाऊ येऊन ही जबाबदारी घेईल. त्यामुळे मला ८ जुलैला रुजू होण्याची परवानगी द्यावी. त्या दिवशी मी नक्की येईन. कागदपत्रांची पडताळणी वगैरे कामं या काळात घरून पूर्ण करते. नवी तारीख कृपया लेखी कळवावी.» शस्त्रक्रियेचा दिवस, देखभाल कुणाकडे जाणार, आणि पक्की तारीख. खोटं बोलणारा माणूस सहसा एवढं नेमकं लिहीत नाही, हे एचआरला कळतं.

लेखीचा आग्रह धरच. ऑफर लेटरमध्ये बहुधा अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास ऑफर रद्द, असं एक वाक्य असतं. फोनवरचं «काही हरकत नाही, या सावकाश» त्या वाक्यापुढे टिकत नाही. सुधारित पत्र किंवा निदान मेलचं उत्तर हातात येईपर्यंत तारीख बदलली असं समजू नकोस.

फोनवर कुणी विचारलं, नेमकं काय झालंय, तर म्हण, «उपचार चालू आहेत, बाकीचं आईचं खाजगी आहे, मी ८ला येते.» पुरावा मागितला तर रिपोर्ट नाही, डिस्चार्ज कार्डही नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळींचा दाखला घे: यांच्या आईची अमुक तारखेला शस्त्रक्रिया आहे, अमुक तारखेपर्यंत जवळचं माणूस सोबत असणं गरजेचं आहे. आणि तो पाठवण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत वाच. मजकुरात आजाराचं नाव नसलं तरी लेटरहेडवर किंवा डॉक्टरांच्या शिक्क्यात ते छापलेलं असू शकतं. तसं असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून दाखला मिळतो का ते बघ.

पण हे सगळं उद्या. आज आईजवळ बस. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तिने करायची आहे. कशासाठी सही करतोय हे तिला सही करण्याआधी कळायला हवं, ऑपरेशन टेबलाकडे नेताना शिक्क्यावरचे शब्द वाचून नाही. तुला बोलायला जमणार नसेल तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यांना सांगू दे, तू शेजारी बस आणि तिचा हात सोडू नकोस. ती रडेल, कदाचित तुझ्यावर चिडेलही, इतके दिवस लपवलंत म्हणून. चिडू दे.

ती सावरली की तिला वरचा मेल वाचून दाखव आणि विचार, एवढं लिहिलेलं चालेल का? कदाचित ती म्हणेल, माझं नावही नको. मग «माझ्या आईची» खोड, «घरातल्या जवळच्या व्यक्तीची» लिही, आणि पाठव.