अपराधाचं ओझं मुलाच्या हाती देऊ नका

ताई, मुलानं 'मी गे आहे' सांगितल्यावर रडू येणं साहजिक आहे. सुनेसाठी जपलेल्या पाटल्या, मनात ठरलेलं लग्न, हे सगळं सुटतं. त्याचं दुःख खरंच असतं. फक्त ते त्याच्यापुढे मोकळं करू नका.

इथं वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एक काकू पुण्यातल्या लेकाला रोज फोनवर विचारायच्या, "होस्टेलला ठेवलं म्हणून झालं का रे? आमचं काय चुकलं?" तोच त्यांची समजूत काढायचा. मग त्याचे फोन आखडले, "बिझी आहे" सुरू झालं. मूलच आपल्याला धीर देऊ लागलं, की समजावं, आपलं ओझं त्याच्या हाती गेलंय. संगोपनानं कुणी समलिंगी होत नाही. पण त्याला तो प्रश्न "तू म्हणजे आमची चूक" असाच ऐकू येतो.

काकूंनी ते प्रश्न वहीत लिहिले, समुपदेशकाकडे नेले. बहिणीला सांगण्याआधी लेकाला विचारलं. हे फार महत्त्वाचं, कारण ती बातमी त्याची आहे. फोनवर आता "जेवलास का?" आधी येतं.

भीतीपोटी 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मात्र जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत.