धुणं ठीक आहे, आधी सुटं करा

प्रश्न: नव्या देशात येऊन महिना झाला. डबे धुऊन टाकले तरी माझी कचऱ्याची पिशवी उचलली नाही, वर स्टिकर चिकटवून ठेवून गेले. नक्की किती धुवायचं, झाकणं काढायची का, आणि हे वार तुम्ही कसे लक्षात ठेवता?

उत्तर:

स्टिकर लागलाय तो बहुधा धुण्यावरून नाही, पिशवीत भलतीच वस्तू गेल्यामुळे. डब्याच्या तळाशी राहिलेला डाग उचलणाऱ्याला दिसत नाही, पण भलती वस्तू पातळ पिशवीतून लगेच दिसते.

माझ्या वेळी ती बादली होती. जर्मनीत नवीन असताना मी पिवळ्या पिशवीत फुटकी प्लास्टिकची बादली कोंबली. बाकीचे डबे लख्ख विसळलेले, तरी पिशवी फुटपाथवरच राहिली. शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा कळलं की ती पिशवी प्लास्टिकची नाहीच, वेष्टनांची आहे. माल ज्यात भरून येतो त्या डब्या-पुड्यांच्या विल्हेवाटीचे पैसे तिथे माल विकणाऱ्या कंपन्यांनी आधीच भरलेले असतात आणि ती गोळा करण्याचा खर्च त्यातून निघतो. बादली मी बादली म्हणूनच घेतली होती, ती त्या हिशेबात बसत नाही. म्हणून प्लास्टिकची असून ती चालत नाही, आणि पत्र्याचा रिकामा डबा मात्र त्याच पिशवीत चालतो. काही शहरांत वेष्टनं आणि अशा वस्तू दोन्ही घेणारा एकच कचऱ्याचा डबा असतो, तेव्हा देशाचा नाही, तुमच्या पत्त्याचा नियम बघा.

आता धुण्याचं. दह्याचा कप घ्या: प्लास्टिकचा कप, ॲल्युमिनियमचं झाकण, बाहेर पुठ्ठ्याची पट्टी. आपण तो तीनदा धुतो आणि झाकण एका कडेला लोंबकळत ठेवून टाकतो. करायचं नेमकं उलटं. वर्गीकरण केंद्रात पट्ट्यावरून जाणाऱ्या कपावर अवरक्त प्रकाश पडतो. प्रत्येक प्रकारचं प्लास्टिक तो वेगळ्या तऱ्हेने परत पाठवतं, त्यावरून यंत्र प्रकार ओळखतं आणि हवेच्या झोताने कप योग्य ढिगात उडवतं. ॲल्युमिनियम वेगाने फिरणाऱ्या चुंबकांजवळून जाताना बाजूला फेकलं जातं. झाकण कपालाच चिकटलेलं असलं तर दोन्ही मिळून एकाच ढिगात जातात, आणि एक फुकट जातं. पुठ्ठ्याने कप झाकलेला असला तर यंत्राला पुठ्ठाच दिसतो. म्हणून झाकण पूर्ण ओढून काढा, पट्टी कागदात टाका, आणि जागा वाचवायला कपात कप घालू नका. वेगवेगळ्या प्लास्टिकचे असले तर यंत्राला ते सुटे करता येत नाहीत. काळ्या प्लास्टिकचं बहुतेक वेळा काही होत नाही, कारण काजळीचा रंग तो प्रकाश गिळून टाकतो. त्यात तुमची चूक नाही.

धुवायचं किती, तर जर्मनीत चमच्याने निपटून घेतलेला कप पुरतो. जपानमध्ये विसळणं अपेक्षित असतं, आणि डाग निघतच नसेल तर ती वस्तू बऱ्याच ठिकाणी जाळायच्या कचऱ्यात घालायला सांगतात. दोन्हीकडे खास गरम पाणी वाया घालवू नका, भांडी घासून झाल्यावरचं पाणी पुरतं. कागदाला मात्र ओल आणि तेल दोन्ही चालत नाही. तेल मुरलेला पुठ्ठा धुऊन सुधारत नाही, तेवढा भाग फाडून टाका.

बाटलीच्या झाकणावरून तर मी नियम पाठ करणंच सोडलं. जपानमध्ये झाकण आणि लेबल काढून वेगळं टाकायचं. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी बाटली चेपून झाकण परत लावायला सांगतात. युरोपीय संघात जुलै 2024 पासून पेयांच्या तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच असावं लागतं. ते उपटत बसू नका.

वारांचं म्हणाल तर ‘दर मंगळवारी’ असं डोक्यात ठेवलंत की फसलात. कागद, वेष्टनं, ओला कचरा यांचे फेरे वेगवेगळे असतात, काही दोन आठवड्यांनी, काही चारने. सुट्टी आली की बऱ्याच ठिकाणी त्या आठवड्यातले वार सरकतात. पत्ता टाकला की पालिकेच्या संकेतस्थळावर वर्षाचं वेळापत्रक मिळतं. ते बहुतेक ठिकाणी फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरवता येतं, आणि सुट्ट्यांचे बदल त्यात आधीच धरलेले असतात. आठवण आदल्या संध्याकाळची लावा, गाडी पहाटेच येते. जपानमध्ये मात्र रात्री पिशवी बाहेर ठेवलेली चालत नाही, ती त्याच दिवशी सकाळी ठेवायची, कावळे फाडतात.

ती स्टिकरची पिशवी घरात घ्या, उघडून खटकलेली वस्तू काढा, स्टिकर सोलून टाका आणि पुढच्या फेरीला ठेवा. स्टिकर तसाच राहिला तर आतलं सगळं बरोबर असूनही ती पुन्हा तिथेच पडून राहू शकते. माझी राहिली होती.