आधी एक ब्रॅकेट, मग क्लासची फी

प्रश्न : सर, मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये चार वर्षं प्रॉडक्शनला आहे. मला डिझाइन किंवा सिम्युलेशनमध्ये जायचंय. मुलाखतीत ‘तुमचा अनुभव डिझाइनमध्ये धरता येत नाही’ म्हणतात. क्लासवाले कॅड आणि अ‍ॅनालिसिसचे मिळून 75 हजार मागतात. भरू का?

उत्तर : आत्ता भरू नका. क्लासमध्ये सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात आणि ती बटणं येणारे शेकडो उमेदवार पुण्यात आहेत. त्यांनी पत्रा वाकवून केलेला घडीचा भाग हातात धरलेला नसतो. तुम्ही रोज धरता, पण मुलाखतीत ‘रोज अमुक नग काढले, रिजेक्शन कमी केलं’ एवढंच सांगता. डिझाइनच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. त्याला हवं असतं ते एका भागामागचं तुमचं गणित, तर तेच तयार करू.

एल आकाराचा साधा ब्रॅकेट घ्या. कंपनीचं ड्रॉइंग बाहेर नेऊ नका, मापं स्वतः ठरवा. 3 मिमी जाडीचा, 30 मिमी रुंद पत्रा. उभा पाय बोल्टने फ्रेमला बसवलेला, आडवा पाय घडीपासून 60 मिमी बाहेर आलेला, टोकाला 200 न्यूटन भार. संगणक लावण्याआधी वहीत करा. घडीपाशी मोमेंट 12,000 न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस 45 घन मिमी, म्हणजे स्ट्रेस सुमारे 267 मेगापास्कल. साध्या स्ट्रक्चरल स्टीलची यील्ड 250 धरली तर हा ब्रॅकेट घडीपाशी यील्ड होऊन थोडा कायमचा वाकेल. जाडी 4 मिमी केली की स्ट्रेस 150 वर येतो. पण वजन एक तृतीयांशाने वाढतं आणि डायचा क्लिअरन्स बदलतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्याऐवजी घडीवर बीड उठवली तर? डायमध्ये बदल करावा लागेल, पण पत्रा तोच राहील. ही तुलना तुम्ही जितक्या खात्रीने कराल तितकी नुसता क्लास केलेल्याला जमणार नाही.

आता हाच ब्रॅकेट सॉफ्टवेअरमध्ये काढा. फ्रीकॅड फुकट मिळतं, त्यात कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर चालतो, शिकायला तेवढं पुरे. मुद्दाम आतला कोपरा धारदार ठेवा आणि मेश बारीक करत जा. दर वेळी कोपऱ्यातला स्ट्रेस चढतच जाईल, कुठे थांबणार नाही. तो आकडा खरा नाही, धारदार कोपऱ्याच्या गणिताचा तो परिणाम आहे. मग घडीची खरी 3 मिमी त्रिज्या द्या आणि पुन्हा मेश बारीक करा, आकडा स्थिरावेल. मुलाखतीत लाल-निळं चित्र दाखवून गप्प बसणारे खूप बघितलेत मी. आकडा कधी मानायचा आणि का, हे सांगणारे फार थोडे असतात.

आणि आता जे फक्त तुम्हाला जमेल ते. परवानगी घेऊन टूलरूममध्ये 3 मिमीचा एक नग वाकवून घ्या, बोल्ट लावा, टोकाखाली डायल गेज धरा आणि 10 किलो लटकवा. 20 नको, यील्ड होईल. वहीतलं कॅन्टिलीव्हरचं सूत्र म्हणेल, टोक अर्धा मिलिमीटर खाली जाईल. बोल्ट घडीपासून 20 मिमी खाली असेल तर डायलवर एक मिलिमीटरच्या आसपास दिसेल. दुप्पट! कारण त्या 20 मिमीतला उभा पायही वाकतो आणि आडव्या पायाला घेऊन झुकतो. वहीत आपण घडीलाच पक्कं धरलं होतं, प्रत्यक्षात पक्कं आहे ते बोल्टपाशी. डायल याहूनही जास्त दाखवत असेल तर आधी बोल्टची पकड आणि फ्रेम तपासा. सिम्युलेशनमध्ये सगळ्यात जास्त चुका याच जागी, बाउंड्री कंडिशनमध्ये होतात. तुम्ही ती चूक डोळ्यांनी पाहिलेली असेल.

वही, मॉडेल, डायलचे आकडे आणि टॉलरन्ससह ड्रॉइंग यांची चार पानं करा. मग आधी स्वतःच्या कंपनीत नवे भाग तयार करणाऱ्या एनपीडी विभागाकडे जा. नव्या भागाच्या ट्रायलला किंवा डिझाइन कुठे फसू शकतं हे आधीच तपासणाऱ्या डीएफएमईएच्या बैठकीला बसू द्या, म्हणून विचारा. नाही म्हणाले तर शीट मेटलचे भाग बनवणाऱ्या व्हेंडरकडचे डिझाइनचे अर्ज भरा, तिथे तुमची चार वर्षं मोजली जाण्याची शक्यता जास्त आहे. क्रॅश किंवा आवाज-कंपनांच्या एनव्हीएचसारख्या खास अ‍ॅनालिसिसच्या जागांवर एम.टेक.वाल्यांशी गाठ पडते, तिथून सुरुवात करू नका. पगार पहिलं वर्ष आहे तेवढाच राहील किंवा थोडा कमी मिळेल, घरी हे आधीच बोलून ठेवा.

अर्ज भरताना कॅटिया किंवा एनएक्स यांपैकी नेमकं कोणतं मागतात ते लिहून ठेवा. ज्याचं नाव जास्त वेळा येईल, तेवढ्या एकाच सॉफ्टवेअरचा क्लास लावा.