दिवाळीच्या मेसेजमधली मधली ओळ

प्रश्न: कोल्हापुरात माझं छोटं किराणा दुकान आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीचा मेसेज कसा लिहू, म्हणजे तो फॉरवर्ड वाटणार नाही?

मंगळवार पेठेत माझंही किराणा दुकान आहे. तीन ओळी पुरतात. पहिलीत काउंटरवर मारता तीच हाक: वहिनी, काका, आक्का. शेवटच्या ओळीत शुभेच्छा आणि खाली आधी तुमचं नाव, मग दुकानाचं. खरं काम मधल्या ओळीचं. ती त्या एकाच घराची हवी.

ती ओळ सुचायला उधारीची वही उघडून बसा. पान उलटलं की माणूस आठवतो, कोण काय बोललं होतं तेही आठवतं. आमच्या एक वहिनी भाजणीचं सामान न्यायला आल्या की डाळी निवडत गप्पा मारतात. त्यांना मी लिहिलं:

"वहिनी, नमस्कार. भाजणीत धणे थोडे जास्त घाला म्हणालेलात, तसं यंदा घरी केलं. चकलीला झकास चव आली, आईनं तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा."

लिहून झालं की वरचं नाव झाकून वाचा. हाच मेसेज शेजारच्या काकूंनाही चालत असेल, तर मधली ओळ बदला. मात्र आजारपण, पैशाची ओढाताण असलं काही त्यात आणू नका, कारण घरात मेसेज मोठ्यानं वाचले जातात. उधारीचा तर शब्दही नको. पाडव्याला वहीपूजन असतं हे लोकांना ठाऊक आहे, द्यायचं ते आपणहून आणून देतात. नव्या मालाचे भाव कळवायचे असतील तर तो मेसेज वेगळा, आठवडाभर आधी.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, त्यांची वेगळी यादी आधी काढा. त्यांची ही पहिली दिवाळी. तिथं "शुभ दीपावली" आणि पणत्यांचं चित्र गेलं तर फार लागतं. मी एवढंच लिहितो: "काका, यंदा घरात सण नाही, ठाऊक आहे. काही लागलं तर फोन करा, पोरगा आणून देईल." आणि फोन आला तर पोराला लगेच पाठवतो.

पाठवताना प्रत्येकाला वेगळा टाइप करा. दुसरीकडून पुढे ढकललेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप "फॉरवर्डेड" अशी खूण दाखवतं. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि मधली ओळही सगळ्यांना एकच जाते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्यांचे फोन फोटोंनी भरलेले असतात, म्हणून मी वसुबारसेला दुपारी गिऱ्हाईक कमी असताना लिहायला बसतो. त्या दिवशी उत्तरंही येतात.